खोडायचा चौकोन

जेनेटिक्समधला एकाच प्रकारचा प्रश्न माझा कायम चुकायचा, आणि तोही सोपा. आईवडील दोघे धडधाकट. त्यांचं एक मूल जन्मतः दोष घेऊन आलेलं, दुसरं धडधाकट. तर ह्या दुसऱ्या मुलात तो दोष लपून बसलेला असण्याची शक्यता किती? मी दर टेस्टला एक छेद दोन म्हणायचे. बरोबर उत्तर दोन छेद तीन. नीटच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणाऱ्या मुलीचं हे चुकणं म्हणजे आमच्या सरांच्या हिशेबी पाच मार्कांची माती होती. चार न मिळालेले आणि वर एक कापलेला.

सर सांगायचे ते काही अवघड नव्हतं. फळ्यावर चार चौकोन काढायचे. वडिलांकडून एक अक्षर, आईकडून एक. पहिल्या चौकोनात दोन्ही कॅपिटल ए, म्हणजे मूल पूर्ण निर्दोष. मधल्या दोन चौकोनांत एक कॅपिटल, एक स्मॉल. मूल वरून धडधाकट, पण दोष आत लपलेला. अशाला वाहक म्हणतात. चौथ्या चौकोनात दोन्ही स्मॉल ए, तिथे दोष उघड. "आता प्रश्नातच सांगितलंय की पोरगं धडधाकट आहे," सर फळ्यावर खडू आपटत म्हणायचे, "मग ते चौथ्या चौकोनात असेल का? नाही. खोडा तो. उरले तीन, त्यातले वाहक दोन. संपला विषय." आणि चौथ्या चौकोनावर इतक्या जोरात फुली मारायचे की खडूचा तुकडा उडून पहिल्या बाकावर पडायचा.

मला ते कळत होतं. शेजारी बसणाऱ्या मुलीला मी ते समजावूनही सांगितलं होतं, आणि तिचं पुढच्या टेस्टला बरोबर आलं. पण स्वतः पेपर सोडवायला बसले की मी चार चौकोन काढायचे आणि फुली मारायला हात उचलायचा नाही. चौथ्या चौकोनात माझी ताई होती.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती लहान असताना पुण्यातल्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं होतं की हे जन्मतःच आहे, आणि तुमचं लग्न नात्यातलं, तेव्हा रक्तातूनच आलं असणार. आमच्या आप्पांनी त्यांच्या मामाची मुलगी केलेली आहे. त्यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट मामाला लेक असताना बाहेरची केली तर मामा रुसून बसतो. पेडिग्री काढताना, म्हणजे घराण्याचा नकाशा काढताना, साध्या लग्नाला एक आडवी रेघ असते आणि अशा लग्नाला दोन. त्या दोन रेघांच्या खाली माझ्या घरचा एक काळा गोल आणि एक पांढरा. गोल म्हणजे मुलगी, चौकोन म्हणजे मुलगा, आणि काळा म्हणजे ज्याच्यात दोष उघड झाला तो.

सरांनी दोन रेघा शिकवल्या त्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी "ईऽऽ" केलं. क्लास मारुंजीला होता, एका सोसायटीच्या पुढ्यातल्या दुकानांवर, वरच्या मजल्याला. खाली केकचं दुकान आणि त्याला लागून बाइकचं गॅरेज, त्यामुळे आमचा सगळा डीएनए हॉर्न आणि बेकरीच्या वासात झाला. मुलं बहुतेक हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांची, देशभरातून येऊन राहिलेल्यांची. एकीनं इंग्रजीत विचारलं, "सर, अशी लग्नं आता करतं तरी कोण?" सर मराठवाड्यातले होते. त्यांनी क्षणभर खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "प्रश्नपत्रिकेत करतात." सगळे हसले. मी वहीत दोन्ही रेघा पट्टी धरून मारल्या आणि मान वर केली नाही.

ते वर्षच मान खाली घालून काढायचं होतं. बारावीच्या मैत्रिणी इकडेतिकडे लागल्या, कुणी फार्मसीला, कुणी नर्सिंगला, एक तर लग्न करून पौडला गेली. आमचा ग्रुप आधी रोज वाजायचा, मग सणावारी वाजायला लागला, मग कुणाच्या तरी वाढदिवसाला केकचं चित्र यायचं तेवढंच. भरे गावात आमचं घर, खाली आम्ही, वर चार खोल्या भाड्यानं दिलेल्या. भाडेकरू पिरंगुटच्या कंपन्यांतले, कुणी बिहारचे, कुणी ओडिशाचे. त्यातली टोकाची खोली रिकामी झाली तेव्हा आप्पांनी ती वर्षभर कुणाला दिली नाही. "पोरीला अभ्यासाला ऱ्हाऊ दे," म्हणाले. मी सकाळी स्कूटीवरून क्लासला जायचे, दुपारी परतायचे आणि त्या खोलीत बसायचे. भिंतीपलीकडे रात्रपाळी संपवून आलेले लोक झोपलेले असायचे. संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. घरातला बहिरा माणूस आणि परीक्षेला बसलेला माणूस यांच्यात फरक काय, असं मला तेव्हा गमतीनं वाटायचं. किती उथळ गंमत होती ते पुढे कळलं.

ताई पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. दहावीपर्यंत ती पुण्यात मूकबधिर मुलांच्या वसतिगृहात शिकली, तिथेच खुणांची भाषा शिकली. सुट्टीत घरी आली की ती मला शिकवायची, कारण घरात तेवढा रिकामा वेळ माझ्याकडेच होता. आई-आप्पांची भाषा वेगळीच, घरगुती. जेवायला ये म्हणजे तोंडाशी पाच बोटं, झोप म्हणजे गालाखाली हात, आणि रागावलो आहोत म्हणजे डोळे. त्यापलीकडे त्यांना कधी गरज पडली नाही, किंवा पडली तेव्हा ते मला हाक मारत. ताईला बोलवायचं तर खोलीचा दिवा दोनदा लावायचा-विझवायचा, ही मात्र सगळ्यांना ठाऊक असलेली पद्धत. गुरुवारी तिला सुट्टी असायची. त्या दुपारी ती चहा घेऊन वर यायची, दारातल्या बटणानं माझाच दिवा लुकलुकवायची आणि खाटेवर बसून फोनवर बोटं चालवत राहायची. आठवड्यातली माझी तेवढीच सोबत.

माघात आमची आत्या आली. आप्पांची धाकटी बहीण, नेऱ्याला दिलेली. तिचा एकुलता एक मुलगा हिंजवडीच्या एका कंपनीच्या गाड्या चालवतो. दिसायला बरा, निर्व्यसनी, आईचं ऐकणारा. आत्यानं पाणीही प्यायलं नाही आणि थेट विषय काढला.

"दादा, थोरलीला माझ्या घरात दे. बाहेर दिलीस तर कोण संभाळणार हाय तिला? माझ्या भावाची लेक हाय ती. मला तिच्या खुणा कळत्यात."

आप्पांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ताईचं लग्न हा आमच्या घरातला बोलला न जाणारा विषय होता. दोन स्थळं येऊन चहा पिऊन गेली होती, आणि दोन्हींनी परत फोन केला नव्हता. आता घरचंच माणूस हात पसरून दारात आलं होतं. आईनं लगेच शिरा टाकला. मग पातेल्यात उलथनं फिरवता फिरवता तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "तू डाक्टरकीचं शिकतीयास न्हवं? मग सांग की. पोरंबाळं कशी व्हतील हिची?"

वर्षभरात घरातल्या कुणी मला माझ्या अभ्यासातलं काही विचारलं तो पहिला प्रसंग. मी जिना चढून वर गेले, सराव-पेपरच्या पाठकोऱ्या बाजूला घराण्याची पेडिग्री काढली आणि कागद घेऊन खाली आले.

गणित असं होतं. ताईत दोन्ही अक्षरं स्मॉल, म्हणजे तिला एक आप्पांकडून मिळालं आणि एक आईकडून. तेव्हा आप्पा नक्की वाहक. त्यांच्याकडे ते आजीकडून आलं, कारण आई ही आजीच्या भावाची लेक, दोन्ही घरांना जोडणारा धागा तोच. आजी वाहक, तर आत्यातही ते असण्याची शक्यता निम्मी. आत्यात असेल तर तिच्या मुलात जाण्याची निम्मी. आत्याचा नवरा बाहेरचा, आणि बाहेरून लग्न करून आलेला माणूस निर्दोष धरायचा हा पेडिग्रीचा नियम. आत्तेभावात असेलच, तर ताईच्या मुलाला ताईकडून एक स्मॉल अक्षर ठरलेलं आणि त्याच्याकडून दुसरं मिळण्याची शक्यता पुन्हा निम्मी. निम्म्याचं निम्मं आणि त्याचंही निम्मं. आठात एक.

"आठात एक बहिरं," मी म्हणाले.

"म्हंजी सात चांगली?" आप्पा म्हणाले.

"तसं नाही आप्पा. आठ पोरं झाल्यावर एक, असं नसतं. त्याच्यात ते नसेलच तर एकही बहिरं होणार नाही. असेल तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता. पहिलं मूल बहिरं झालं की कळलं, आहे. मग दुसऱ्याला आठात एक राहत नाही, दोनात एक होतं. त्यापेक्षा आधीच रक्त तपासून..."

"माझ्या लेकाचं रक्त?" आत्या म्हणाली. "त्याला काय धाड भरलीया?"

"आगं ती पुस्तकातलं बोलतीया," आप्पांनी मिटवलं. "आठात एक म्हंजी लई न्हाई. सात बरी हायेत की."

आणि सगळे शिरा खायला लागले. मी घडी करून कागद मुठीत धरला. सरांनी माझा पेपर पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकून द्यावा तसं वाटलं मला, आणि रागही आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

ताईला बातमी आईनं सांगितली. गळ्याशी मंगळसूत्राची खूण केली, नेऱ्याच्या दिशेला बोट दाखवलं, आणि आत्तेभाऊ म्हणून हवेत स्टिअरिंग फिरवलं. ताईनं बघितलं आणि ताटातली भाकरी मोडली. आई म्हणाली, "लाजली गं."

त्यानंतरच्या गुरुवारी ती चहा घेऊन वर आली. दिवा लुकलुकला. मी मान वर केली तर ती फोन न काढता सरळ टेबलाशी आली. तिच्या हाती लागू नये म्हणून मी पुस्तकाखाली सारलेला तो कागद पुस्तकाबाहेर निम्मा आलेला होता. तिनं तो ओढून काढला. ताईला लिहिलेलं वाचायला वेळ लागतो. चित्र मात्र ती आमच्या आधी वाचते. तिनं गोल आणि चौकोन बघितले, रेघा बोटानं चाचपल्या, आणि काळ्या गोलावर बोट ठेवलं.

"हे कोण?" तिनं हातांनी विचारलं.

"तू."

"काळं का?"

मला खूण सापडेना. पुस्तकातला शब्द होता 'बाधित', तो मी तिला कुठल्या हातांनी सांगणार होते? मी 'ऐकू न येणारी' ची खूण केली. तिनं मान डोलावली, राग नाही, काही नाही. मग ती कागदावर शोधायला लागली. आजीची पिढी बघितली, आईची, आत्याची, आमची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेलं आणि परत आणलं.

"एकटीच?" ती म्हणाली.

मी ती पेडिग्री इतक्यांदा मनात सोडवली होती, आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं. अख्ख्या पानभर पांढरे गोल, पांढरे चौकोन, आणि मधोमध एक काळा. मी चहा उचलला आणि नुसताच हातात धरला.

मग घाईघाईनं तिला बरी बातमी सांगायला लागले. तिच्या गोलापासून आत्तेभावाच्या चौकोनापर्यंत दोन रेघा मारल्या, खाली त्यांचं मूल काढलं आणि हातांनी सांगितलं की आठात एकच तुझ्यासारखं होईल, सात आमच्यासारखी. घाबरू नकोस.

तिनं एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची दोन उभी केली. त्या सातांकडे बघितलं. मग ती खाली करून एकच बोट उभं केलं आणि म्हणाली, "कमी आहे."

मला वाटलं मी खूण चुकीची वाचली. परत विचारलं. तिनं परत तेच केलं, जरा सावकाश, मी नवशिकी असल्यासारखं. कमी. मग ती खाटेवर बसली आणि बोलत राहिली, आणि तिचे हात इतके भरभर मी कधी चाललेले पाहिले नव्हते. आत्तेभाऊ बोलताना तोंड दुसरीकडे करतो. मला कळत नाही म्हणून मोठ्यानं बोलतो, त्याच्या मानेच्या शिरा दिसतात. आत्या माझ्या खुणा ओळखते, म्हणजे भूक आणि झोप ओळखते. मूल होईल, ते ऐकणारं. ते आत्याशी बोलेल, बापाशी बोलेल, सगळे टीव्ही बघत हसतील. मी ताटं वाढेन. इथेही मी वाढते.

मी रडले. तिच्यासमोर कधी रडत नाही, पण रडले. ज्याला आम्ही खाली बसून धोका म्हणून मोजत होतो ती तिच्या लेखी सोबत होती, आणि तीही आठात एकच मिळत होती. एवढ्या वर्षांत ती ह्या घरात किती एकटी होती हे मला माझ्या एकटेपणाच्या वर्षात, एका सराव-पेपरच्या पाठीवर कळलं.

तिनं माझ्या गालावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं आणि विषय बदलायला म्हणून दुसऱ्या कागदाकडे बोट केलं. त्यावर माझे चार चौकोन होते. कितव्यांदा तरी चुकलेलं गणित. "हे काय?"

मी सांगितलं. हे आई-आप्पांच्या मुलांचे चार प्रकार. प्रश्न असा आहे की जी ऐकू येणारी मुलगी आहे, तिच्यात आत लपलेलं आहे का. "ही मुलगी कोण?" तिनं विचारलं. मी म्हणाले, मी. तिनं चौथ्या चौकोनावर बोट ठेवलं. "आणि ही?" मी म्हणाले, तू. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. पेडिग्रीतला काळा गोल दाखवला, मग हा चौकोन दाखवला.

"मी तिथे आहे. परत इथे कशाला? हे तुझं आहे."

आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घेऊन तिनं चौथा चौकोन खोडला. सरांसारखी जोरात फुली नाही. भाजीच्या पिशवीतून चुकून दोनदा आलेला जिन्नस काढून ठेवावा, तशी सहज एक तिरकी रेघ. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आता पुढे कर, अशा अर्थानं. उरले तीन.

त्यानंतर तिनं फोन काढला आणि मला एक फोटो दाखवला. तिच्याच कारखान्यातला, शेजारच्या लाइनवरचा मुलगा. वेल्ह्याकडचा. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि त्यात कान गेले, त्याआधीचा कोंबड्याचा आवाज त्याला आठवतो म्हणे. म्हणजे दर गुरुवारी माझ्या खाटेवर बसून ती बोटं चालवायची ती ह्याच्याशी. मी इतके दिवस माझी सोबत समजत होते ती तिची ह्याच्याशी चाललेली सोबत होती. जरा टोचलं, खोटं कशाला सांगू?

"ह्याचं काढ," ती म्हणाली.

मी नवीन पान घेतलं. तिचा काळा गोल, मध्ये एकच रेघ, पलीकडे त्याचा चौकोन. तो पांढरा ठेवला. तिनं लगेच बोट ठेवून विचारलं, पांढरा का? मी समजावलं की ह्याचं तापानं गेलं, अक्षरांमुळे नाही. ह्याची दोन्ही अक्षरं कॅपिटल धरायची. त्यामुळे मुलाला तुझं एक स्मॉल आणि ह्याचं एक कॅपिटल. सगळी मुलं ऐकणारी. मी खाली शून्य लिहिलं, आणि ते लिहिताना मला तिच्याकडे बघवेना, कारण आठात एकसुद्धा आता राहिलं नव्हतं.

ती शून्याकडे बघत राहिली. मग पेन्सिल घेऊन तिनं त्याचा चौकोन स्वतः काळा करून टाकला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"असं चालत नाही," मी म्हणाले. "नियमात बसत नाही."

"आम्ही दोघं आहोत ना," ती म्हणाली. "मूल हातांनी शिकेल. तू शिकलीस तसं."

घरी तिच्या वतीनं मीच बोलले. आत्या उठून गेली ती वर्षभर आली नाही. आप्पा दोन दिवस जेवताना ताटावरून मान वर करेनात. "दोघंबी बहिरी," ते म्हणत होते. "घरात चोर शिरला तर कळंल का कुणाला? पोर रडलं तर कोण उठंल?" मी म्हणाले दिवे लावून कळतं, आपल्याकडे नाही का कळत? ते पटेना. शेवटी त्यांनी विचारलं, "आन् पोरं?" मी कागद दाखवला. आप्पांनी शून्य बघितलं, आईला दाखवलं, आणि त्यांच्या खांद्यांवरचा भार उतरलेला मला दिसला. "आठात एकबी न्हाई?" "नाही." "मग करू की." ताईला जे सगळ्यात कमी हवं होतं त्यावरच तिचं लग्न ठरलं. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि ताईनं सांगायचं ठरवलं असतं तरी त्यांना ते कळलं नसतं.

पिरंगुटजवळच्या हॉलमध्ये लग्न झालं. त्या मुलाचे आणि ताईचे शाळेतले, कारखान्यातले मित्र आले होते. मंगलाष्टकं लागली तेव्हा भटजींच्या आवाजाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते अक्षता हातात धरून एकमेकांशी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत होते, विनोद करत होते, आणि हॉलभर हात हलत होते. आप्पा त्यांच्यामध्ये उभे होते आणि कोण कशाला हसतंय ते त्यांना कळत नव्हतं. ते दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघायचे, मी अर्थ सांगावा म्हणून. मीही निम्मंच सांगू शकले.

ती दोघं कामासाठी चाकणला राहायला गेली. माझी परीक्षा दीड महिन्यावर होती. गुरुवार आला की दुपारी मी उगाच दाराकडे बघायचे. चहा मीच करून घ्यायचे. सवयीनं खोलीत शिरताना मी दिवा दोनदा लावायचे-विझवायचे आणि मग रिकाम्या खाटेकडे बघून स्वतःवरच चिडायचे. व्हिडिओ कॉल यायचे, पण तिचे हात आता इतके भरभर चालायचे की मी मागे पडायचे. ती थांबायची, परत सावकाश सांगायची, लहान मुलाला सांगावं तसं. तिच्या मागे तो दिसायचा, तोही हसायचा. मग कॉल संपायचा आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज यायचा.

परीक्षेचं केंद्र पुण्यात एका शाळेत होतं. आप्पा गेटबाहेर झाडाखाली थांबले. आत पंखा होता, पण माझ्या बाकापर्यंत वारा येत नव्हता. बायोलॉजीच्या मध्यावर तो प्रश्न आलाच. आईवडील धडधाकट, थोरली मुलगी जन्मतः बहिरी, धाकट्या मुलीला ऐकू येतं. धाकटी वाहक असण्याची शक्यता किती? चार पर्याय, त्यात एक छेद दोन पहिलाच ठेवलेला, माझ्यासारख्यांसाठी.

मी कडेच्या मोकळ्या जागेत चार चौकोन काढले. चौथ्यावर तिरकी रेघ मारली. हात थांबला नाही. ती तिथे नव्हतीच; ती चाकणला होती, तिच्या काळ्या चौकोनाशेजारी. उरले तीन, आणि त्यातल्या दोनांत ते अक्षर होतं. माझ्यातही असेल, नसण्यापेक्षा असण्याचीच शक्यता जास्त. मला एकदम बरं वाटलं, आणि त्याच क्षणी तिची इतकी आठवण आली की पुढचा प्रश्न धूसर दिसायला लागला.

मग मी उत्तरपत्रिकेवर दोन छेद तीनचा गोल काळा केला. सावकाश, कडेपर्यंत, तिनं त्याचा चौकोन भरला होता तसा.